अपवर्क-फायव्हरची रेटिंग आणि कामांचा हिशोब लिंक्डइनवर कसा मांडायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ, वाशीम, अमरावतीच्या खेड्यांतून घरी बसून सबटायटल, डेटा एंट्री, व्हिडिओ एडिटिंग, ऑटोकॅडचं ड्राफ्टिंग करणारी पोरं-पोरी जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. एकाच गोष्टीची दोनदा उत्तरं नकोत म्हणून जिथे गरज आहे तिथे दुसऱ्या प्रश्नाचा नंबर दिला आहे.

१. भाऊ, मायं अपवर्कचं रेटिंग लिंक्डइनवर आपोआप येते का?

येत नाही, असंच धरून चाला. लिंक्डइनच्या प्रोफाइलवर कामाबद्दल जे दिसतं, ते तुम्ही हाताने टाइप केलेलं असतं. सगळी अडचण इथेच आहे. टाइप काय, कोणीही काहीही करतो. वाचणाऱ्यालाही ते माहीत असतं, म्हणून ‘५ स्टार रेटेड’ एवढ्याच ओळीला तो शून्य मार्क देतो.

लिंक्डइनवर डिजिलॉकरमधल्या आधारवरून ओळख पडताळून घेण्याची सोय आहे. ती जरूर करा. पण त्या खुणेचा अर्थ ‘हा माणूस खरोखर याच नावाचा आहे’ एवढाच. तुमच्या स्टारची हमी ती देत नाही. फायदा असा की लिंक्डइनवरचं नाव आणि अपवर्कवरचं नाव जुळतं का, हे बघणाऱ्याला सोपं जातं. अपवर्क आडनावाचं फक्त पहिलं अक्षर दाखवतं, म्हणून दोन्हीकडे फोटो एकच ठेवा.

२. माझ्याकडे ४.९ स्टार आहेत, ९४ टक्के आहे, फायव्हरवर लेव्हल टू आहे. यातलं नेमकं काय लिहू?

हे तीन आकडे तीन वेगळ्या गोष्टी सांगतात. एकातून दुसरा काढता येत नाही.

स्टार म्हणजे एखादं काम संपल्यावर क्लायंटने सगळ्यांसमोर दिलेलं मत. अपवर्कचा जॉब सक्सेस स्कोअर, म्हणजे जेएसएस, वेगळा असतो. काम संपवताना क्लायंट खासगीतही मत देतो. ते आपल्याला दिसत नाही, पण स्कोअरमध्ये धरलं जातं. म्हणून सगळीकडे पाच स्टार असूनही जेएसएस ८८ असलेली माणसं सापडतात. आणि त्यांना ते का झालं हे कळतही नाही. फायव्हरची लेव्हल हा तिसरा प्रकार. ती त्या साइटच्या आपल्या नियमांनी ठरते आणि बदलते.

त्यामुळे आकडा ज्या नावाने साइटवर दिसतो, त्याच नावाने लिहा. ‘९४ टक्के जेएसएस’ला ‘९४ टक्के ग्राहक समाधानी’ करू नका. ते खरं नाही. अपवर्क ओळखणाऱ्या क्लायंटला लगेच कळतं की या माणसाला स्वतःचा आकडा समजलेला नाही. तसंच जेएसएसला वीसने भागून ४.७ स्टारही बनवू नका. हे मी स्वतः एका प्रोफाइलवर पाहिलं आहे.

एकच निवडायचा असेल, तर ज्या साइटवर जास्त कामं झाली तिथला निवडा. फायव्हरवरची सहा कामं आणि अपवर्कवरची साठ यांची सरासरी काढून कोणालाच काही कळत नाही.

३. हे प्रोफाइलवर टाकायचं कुठे? हेडलाइनमध्ये की खाली?

हेडलाइनला २२० अक्षरं मिळतात. शोधताना किंवा तुमची कमेंट दिसताना त्यातली सुरुवातीचीच वाचली जातात. म्हणून हेडलाइनमध्ये आधी काम, मग एकच आकडा, तोही असा की जो खाली येत नाही. कामांची संख्या फक्त वाढते. टक्केवारी मात्र जूनमध्ये ९४ आणि सप्टेंबरमध्ये ८९ होऊ शकते, आणि तुम्ही हेडलाइन बदलायला विसरलात तर तुमचीच ओळ तुम्हाला खोटं पाडते.

```
Marathi-English subtitler | 60+ jobs on Upwork
```

टक्केवारी आणि पुन्हा आलेले क्लायंट एक्सपीरियन्सच्या नोंदीत, तारखेसकट लिहा. लिंक फीचर्डमध्ये द्या, म्हणजे आकडा वाचला की पुढची टिचकी तिथेच पडते.

एक्सपीरियन्सची नोंद करताना कंपनीच्या रकान्यात ‘अपवर्क’ लिहू नका. ही चूक दहातले सहा-सात जण तरी करतात. अपवर्क निवडलं की त्यांचा लोगो येतो आणि तुम्ही त्या कंपनीत नोकरीला आहात असं दिसतं. नोकरीचा प्रकार ‘फ्रीलान्स’ किंवा ‘सेल्फ-एम्प्लॉईड’ ठेवा, कंपनीच्या जागी स्वतःचं नाव किंवा कामाचं नाव द्या, आणि अपवर्कचा उल्लेख खालच्या वर्णनात करा.

४. लिंक दिली, पण क्लायंट म्हणतो उघडत नाही. माझ्या मोबाइलवर तर नीट उघडते!

तुमच्या मोबाइलवर तुम्ही लॉग-इन आहात, म्हणून उघडते. अपवर्कच्या सेटिंगमध्ये प्रोफाइल कोणाला दिसावं याचे तीन पर्याय असतात: सगळ्यांना, फक्त अपवर्कच्या सभासदांना, किंवा कोणालाच नाही. मधला पर्याय असेल तर बाहेरच्या माणसाला लॉग-इनचं पान दिसतं आणि तो परत फिरतो. ‘सगळ्यांना’ करा, मग ब्राउझरच्या इन्कॉग्निटो खिडकीत किंवा घरातल्या दुसऱ्याच्या फोनवर लिंक उघडून बघा.

दुसरं कारण म्हणजे बरेच दिवस साइटवर हालचाल नसली की प्रोफाइल खासगी होऊन बसतं. सोयाबीन काढणीच्या दिवसांत महिना-दीड महिना लॅपटॉप न उघडणाऱ्यांचं असं होतं. दिवाळीनंतर परत कामाला लागताना लिंक आधी तपासा.

तिसरं कारण अगदी साधं. अॅड्रेस बारमधली लांबलचक लिंक कॉपी केलेली असते आणि ती तुमच्या स्वतःच्या एडिट पानाची असते. प्रोफाइलवर शेअर करण्यासाठी जी लिंक दिलेली असते तीच घ्या.

५. लिंकच्या ऐवजी स्क्रीनशॉट टाकला तर चालेल ना?

लिंकसोबत चालेल. एकट्या स्क्रीनशॉटवर कोणी विसंबत नाही, कारण तो दहा मिनिटांत बनवता येतो. टाकायचाच असेल तर पूर्ण पानाचा घ्या, कापून फक्त हिरवा आकडा ठेवू नका, आणि घेतल्याची तारीख खाली लिहा. क्लायंटचं नाव किंवा चॅट त्यात दिसत असेल तर टाकू नका (प्रश्न ८ बघा).

६. ‘पूर्ण केलेली कामं’ कशी मोजायची? चालू असलेली, रद्द झालेली, गावातली, सगळी धरू का?

ज्या साइटचं नाव घेता, त्या साइटच्या पानावर जी संख्या दिसते तीच लिहा. अपवर्कच्या वर्क हिस्ट्रीत पूर्ण झालेली आणि चालू कामं वेगळी दिसतात. ‘कम्प्लिटेड’ हा शब्द वापरणार असाल तर पहिल्याच यादीचा आकडा घ्या. रद्द झालेली, पैसे परत केलेली कामं त्यात घालू नका.

ही मोजणी कधी उलटीही बसते. तासावर चालणारं एकच काम चौदा महिने चाललं तरी साइटवर ते ‘एक काम’च. वर्ध्याकडच्या एका ड्राफ्टिंगवाल्याची कामं फक्त नऊ दिसत होती, पण तास अकराशेच्या वर होते. त्याने संख्या न लिहिता तास लिहिले, तेच बरोबर होतं. लोगोवाल्याचं मात्र उलटं. त्याची कामं दोन-दोन तासांची असतात, तिथे संख्या बोलते.

गावातल्या आणि साइटबाहेरच्या कामांबद्दल प्रश्न १२ मध्ये आहे. इथे एवढंच की ती अपवर्कच्या आकड्यात मिसळू नका. पानावर ६१ आणि तुमच्या प्रोफाइलवर ८५ असेल, तर ते २४ कुठून आले हे विचारायला कोणी थांबत नाही. तो पुढच्या प्रोफाइलवर जातो.

७. ‘रिपीट क्लायंट’ किती टक्के, हे कसं काढू? प्रत्येक जण वेगळंच सांगतो.

वेगळं सांगतात कारण भागायचं कशाने हेच ठरलेलं नसतं. फ्रीलान्सर डॉट कॉमवर ‘रिपीट हायर रेट’ साइट स्वतः दाखवते. तिथे असाल तर तोच आकडा, त्याच नावाने उचला. इतर ठिकाणी हिशोब आपल्यालाच करावा लागतो. दारव्हा तालुक्यातल्या एका सबटायटलवालीसोबत बसून आम्ही तो केला. तोच इथे देतो.

तिची अपवर्कवर पूर्ण झालेली कामं ६१. व्यवहारांचा अहवाल डाउनलोड करून तिने एक्सेलमध्ये चार रकाने केले: क्लायंट, काम सुरू, काम संपलं, पैसे मिळाले. क्लायंटच्या नावाने लावल्यावर वेगवेगळे क्लायंट निघाले ३८. त्यातल्या २४ जणांचं एकेकच काम होतं. उरलेल्या १४ जणांची मिळून ३७ कामं.

आता बघा गंमत. तिने प्रोफाइलवर लिहिलं होतं ‘६० टक्के रिपीट’. हा आकडा ३७ भागिले ६१ असा आला होता. तो कामांचा वाटा आहे, क्लायंटचा नाही. वाचणारा मात्र समजतो की शंभरातले साठ क्लायंट परत आले. क्लायंटने भागलं तर १४ भागिले ३८, म्हणजे ३७ टक्के.

शिवाय त्या ३७ पैकी ११ कामं एकट्या एका यूट्यूब चॅनलवाल्याची होती. उरलेल्या १३ जणांनी दोन-दोनच कामं दिली होती. एका माणसाच्या प्रेमावर तिचा साठचा आकडा बराच उभा होता. तो उद्या गेला तर?

मग तारखा तपासल्या. तेरापैकी दोघांचं दुसरं काम पहिलं संपण्याआधीच सुरू झालेलं. एकाने लांब व्हिडिओचे दोन भाग करून दोन करार केले होते, दुसऱ्याने त्याच आठवड्यात इंग्रजी आणि हिंदी असे वेगळे करार काढले होते. हे परत येणं नव्हे. ती एकच खरेदी, दोन पावत्यांवर. म्हणून आम्ही नियम ठरवला: पहिलं काम संपलं, पैसे मिळाले, त्यानंतर जो पुन्हा काम घेऊन आला तोच मोजायचा. ते दोघं गेले, राहिले १२.

बारा भागिले अडतीस, साधारण ३२ टक्के. साठवरून बत्तीसवर आल्यावर तिचा चेहरा उतरला होता. पण टक्केवारी न लिहिता तिने जे लिहिलं, ते साठपेक्षा जास्त वजनदार वाटतं, कारण त्यात भागाकार उघडा आहे:

```
Upwork, as of 15 June 2025: 61 completed jobs, JSS 94%.
12 of 38 clients hired me again after
the first job was finished and paid.
```

हा आकडा अपवर्कच्या पानावर थेट दिसत नाही, तो तिचा स्वतःचा हिशोब आहे. कोणी विचारलं तर एक्सेल समोर ठेवता आलं पाहिजे, क्लायंटची नावं झाकून. दर तिमाहीला एकदा मोजलं तरी पुरे.

क्लायंट दहाच्या आत असतील तर टक्के लिहूच नका. ‘चारपैकी तीन’ हे ‘७५ टक्के’पेक्षा प्रामाणिक आहे.

८. मोठ्या कंपनीचं काम केलंय. नाव लिहिलं तर वजन पडेल का?

पडेल, पण आधी परवानगी घ्या. बऱ्याच करारांत गोपनीयतेची अट असते आणि ती काम संपल्यावरही सुटत नाही. करारात अट नसली तरी एका ओळीत विचारून घ्या आणि होकार लेखी ठेवा. नकार आला तर क्लायंटचं वर्णन करा: ‘पुण्यातली शालेय अभ्यासक्रमाचे व्हिडिओ बनवणारी कंपनी’. त्या वर्णनाची एकच कंपनी असेल तर ते नाव लिहिल्यासारखंच झालं. तेवढं भान ठेवा.

एजन्सीमार्फत आलेलं काम असेल तर तुमचा क्लायंट एजन्सी. मागच्या ब्रँडचं नाव तुमचं नाही.

९. जुन्या क्लायंटला लिंक्डइनवर रेकमेंडेशन मागितलं तर अपवर्क अकाउंट बंद करेल का?

रेकमेंडेशन मागणं हा गुन्हा नाही. त्रास होतो तो दोन गोष्टींनी. करार सुरू होण्याआधीच साइटबाहेर संपर्क देणं, आणि तिथे भेटलेल्या क्लायंटचे पैसे बाहेरून घेणं. अपवर्कवर ओळख झाल्यापासून २४ महिने त्या क्लायंटचे पैसे साइटवरूनच घ्यायचे असतात, नाहीतर ठरलेली फी भरून बाहेर पडायचं. फायव्हर याहून कडक आहे. कामापुरतं लागेल तेवढं सोडून संपर्काची देवाणघेवाणच तिथे मना आहे, त्यामुळे तिथे मी हा मार्ग सुचवत नाही.

अपवर्कवर काम संपवून, दोन्ही बाजूंचा फीडबॅक पडल्यावर विचारा. रेकमेंडेशन लिहायला तो माणूस लिंक्डइनवर तुमचा थेट कनेक्शन असावा लागतो, म्हणून आधी विनंती, सोबत दोन ओळींची नोट, आणि स्वीकारल्यावर मगच मागणी. ‘प्लीज गिव्ह मी गुड रेकमेंडेशन’ असं लिहू नका. काय आठवावं ते सुचवा: ‘मार्चमधल्या चाळीस भागांच्या मालिकेत मी वेळ कशी पाळली, याबद्दल दोन वाक्यं लिहाल का?’ मग मिळणारी ओळ कामाबद्दल असते, नुसतं कौतुक उरत नाही.

रेकमेंडेशनखाली लिहिणाऱ्याचं नाव-फोटो असतो आणि त्याच्या प्रोफाइलवर जाता येतं. हीच त्याची ताकद. म्हणून मामेभावाने किंवा कॉलेजच्या मित्राने लिहिलेलं ‘एक्सलंट फ्रीलान्सर’ घेऊ नका. आडनाव आणि कॉलेज जुळलं की बाकीच्या खऱ्या रेकमेंडेशनवरही संशय येतो.

१०. लाइट गेली, डेडलाइन हुकली, क्लायंटने दोन स्टार दिले. हे लपवून बाकीचं दाखवू का?

लिंक दिली आहे म्हणजे ते दिसणारच. निवडक रिव्ह्यूंचे स्क्रीनशॉट टाकून लिंक न देणं हा सगळ्यात वाईट पर्याय, कारण लिंक का नाही हा प्रश्न तिथेच उभा राहतो. अपवर्कवर त्या फीडबॅकखाली आपलं उत्तर देता येतं. ते दोन वाक्यांचं ठेवा: काय झालं, आणि आता काय वेगळं करता. ‘उन्हाळ्यात भारनियमन असतं’ हे परदेशी क्लायंटला कारण वाटत नाही. ‘तेव्हापासून इन्व्हर्टर आणि दुसऱ्या कंपनीचं सिम ठेवलं आहे’ हे वाटतं. लिंक्डइनवर याचा उल्लेखही करू नका.

स्कोअरच घसरला असेल तर तारीख टाकलेली जुनी ओळ काढा आणि नवी टाका. जेएसएस सहा, बारा आणि चोवीस महिन्यांच्या हिशोबातला जो चांगला तो धरतो, त्यामुळे एखादं वाईट काम कायमचं मानगुटीवर बसत नाही. नवा आकडा दाखवावासा वाटत नसेल तर नुसती कामांची संख्या ठेवा. जुना ९४ ठेवून तारीख पुसणं मात्र नको.

११. आमच्या गावात एका दादाच्या अकाउंटवर चौघं जण काम करतो. त्यातली माझी कामं मी माझ्या प्रोफाइलवर लिहू शकतो का?

हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा जास्त वेळा येतो. उत्तर आवडणार नाही: ती रेटिंग दादाची आहे. साइटच्या नियमात अकाउंट एका माणसाचं असतं. क्लायंटला वाटत होतं की काम दादा करतोय. तुम्ही ते आकडे लिंक्डइनवर लिहिले तर दोघांची नावं एकाच कामावर दिसतात. क्लायंटच्या ते लक्षात आलं तर दादाचं अकाउंट जातं.

तुमचं म्हणून जे आहे ते काम आहे. ‘एका फ्रीलान्सरच्या हाताखाली दोन वर्षं सबटायटलचं काम, साधारण तीनशे मिनिटांचे व्हिडिओ’ असं लिहा, स्टार न लिहिता, आणि दादाला विचारून. पुढे चौघांना मिळूनच काम करायचं असेल तर अपवर्कवर एजन्सी खातं असतं. त्यात क्लायंटला कोण काम करतंय ते कळतं आणि प्रत्येकाची स्वतःची नोंद तयार होते. पहिले काही महिने कामं कमी येतील.

१२. कृषी केंद्राचं बिलिंग, जिनिंगवाल्याची वेबसाइट, शाळेचा वार्षिक अंक. या कामांना रेटिंग कुठून आणू?

आणू नका. त्यांची वेगळी नोंद करा, ‘थेट क्लायंट’ म्हणून, आणि तिथे पुरावा वेगळ्या जातीचा द्या: चालू वेबसाइटची लिंक, छापलेल्या अंकाचा फोटो, दुकानदार लिंक्डइनवर असेल तर त्याचं रेकमेंडेशन. बहुतेक वेळा तो नसतो. मग त्याच्या लेटरहेडवर सही-शिक्क्याचं चार ओळींचं पत्र घ्या आणि त्याचा फोटो फीचर्डमध्ये लावा. त्यावरचा फोन नंबर झाका. दर हंगामाला परत येणारं कृषी केंद्र प्रश्न ७ च्या नियमाने रिपीट क्लायंटच आहे. फक्त अपवर्कच्या बारामध्ये ते मिळवू नका.

१३. माझं अकाउंटच बंद झालं. सत्तर कामं होती. आता ती लिहू की नको?

कामं झाली हे खरं आहे, पण दाखवायला पान उरलं नाही. ‘२०२१ ते २०२४, अपवर्कवर स्वतंत्र काम’ अशी नोंद करा, कामाचा प्रकार लिहा, जेएसएस आणि स्टार लिहू नका. कामांची संख्या तुमच्याकडे बिलं किंवा बँकेत आलेल्या रकमांच्या नोंदी असतील तरच लिहा. ज्या क्लायंटशी लिंक्डइनवर आधीच जोडलेले आहात त्यांच्याकडून रेकमेंडेशन मागा. अशा वेळी तीन खरी रेकमेंडेशन त्या सत्तरपेक्षा उपयोगी पडतात.

ज्यांचं अकाउंट अजून चालू आहे त्यांनी आजच व्यवहारांचा अहवाल उतरवून ठेवावा आणि प्रोफाइलचं पूर्ण पान पीडीएफ करून ठेवावं. अकाउंट बंद झाल्यावर ते मागायला खिडकी नसते.